पहिल्या फोनवर बजेट शेवटी

आमचं ऑफिस घरं भाड्याने लावून देतं. तिथल्या एन्क्वायरी फॉर्मवर पहिला रकाना बजेटचा, दुसरा माणसांचा आणि तिसरा तारखेचा. हा फॉर्म ज्याने बनवला त्याने आयुष्यात एकही कॉल घेतला नसावा. त्या क्रमाने विचारायला लागलं की समोरचा माणूस आखडतो आणि ‘बघतो, कळवतो’ म्हणून फोन ठेवतो. मी क्रम उलटा धरते. पण परवाच्या एका फोनपासून तारीख आणि पैसा हे दोन वेगळे प्रश्न आहेत का, हेच डोक्यात घोळतंय.

बाईंनी भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरासाठी फोन केला होता. पहिला प्रश्न नेहमीचाच, “अजून आहे का?” याचं उत्तर आधी सरळ द्यायचं. आमच्याकडे बरेच जण इथेच उलटतपासणी सुरू करतात. मी म्हटलं, “हो, आहे. भाडं जाहिरातीतलंच, मेंटेनन्स त्यातच आला, डिपॉझिट वेगळं. तुमची फेरी फुकट जाऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी विचारू का?” ‘विचारा ना’ असं त्या म्हणाल्या, की पुढचे प्रश्न आगाऊपणाचे वाटत नाहीत.

तारीख विचारताना ‘कधी शिफ्ट होणार?’ असं मी विचारत नाही. त्याला ‘लवकरच’ हेच उत्तर येतं. मी विचारते, “सध्याच्या घराची नोटीस दिलीय का?” नोटीस दिलेल्या माणसाला खरी तारीख असते, न दिलेला बहुधा चाचपणी करत असतो. बाई म्हणाल्या, “नाही दिली. ती मला देता येणार नाही.” आणि लगेच, “पण घर पंधरा दिवसांत हवंय.”

हे दोन्ही एकदम जुळत नाही. इथे ‘का?’ विचारायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण त्या ‘का’चा घर दाखवण्याशी काही संबंध नसतो. मी आमची बाजू सांगितली, “हे घर दहा दिवसांनी रिकामं होतंय, मग रंगाचं काम. पंधरा दिवसांत अवघड आहे, तीन आठवडे धरा.” त्या म्हणाल्या, “तीन आठवडे चालतील. त्यापुढे नको.”

माणसांबद्दल ‘फॅमिली की बॅचलर?’ हा प्रश्न मला मुळीच आवडत नाही. त्यातून माहिती काहीच मिळत नाही, फक्त माणूस तोलला जातो. मी विचारते, “रोज राहणारे किती, आणि येऊन-जाऊन किती?” नाती विचारत नाही. “रोजचे दोघं, मी आणि मुलगी. आई अधूनमधून येईल.” मग, “तिला जिना चढवत नाही,” हे त्यांनी आपणहून सांगितलं. लिफ्ट लागणारच, हे तिथेच ठरलं.

शेवटी पैसा. नुसतं ‘बजेट किती?’ विचारलं की लोक मुद्दाम कमी सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आकडा आपण पुढे ठेवायचा. “जाहिरातीतलं भाडं सोयीचं आहे, की थोडं खालचं बघू?” “भाडं ठीक आहे,” त्या म्हणाल्या. इथे बहुतेक जण रकाना भरून मोकळे होतात. मी आणखी एक विचारते, “डिपॉझिट जुन्या घराचं परत आल्यावर भरणार, की आधी जमेल?” पुष्कळांचं नवं डिपॉझिट जुन्यातूनच येतं, आणि जुनं मिळतं घर सोडल्यावर. मालकाला मात्र ते चावी देण्याआधी हवं असतं. भाडं परवडणाऱ्यांचे व्यवहार इथे अडतात.

बाई जरा थांबल्या. “जुनं डिपॉझिट माझ्या नावावर नाही. ते मला नाही मिळणार.”

नोटीस का देता येणार नाही, हेही त्यातच कळलं. करार दुसऱ्याच्या नावावर, नोटीस त्याच्या हातात, डिपॉझिटही त्याचंच. म्हणजे भाड्याला हे घर त्यांना बसत होतं, डिपॉझिटला नाही. मी म्हटलं, “मग हेही दाखवते, आणि कमी डिपॉझिटचं एक आहे तेही. भाडं जरा जास्त आहे, पण लिफ्ट आहे आणि आत्ता रिकामं आहे.” आवाज सैलावला. “आधी तेच दाखवा.”

शेजारच्या टेबलवरचा सहकारी कान देऊन ऐकत होता. “नवऱ्यापासून वेगळी होतेय वाटतं, लिहून ठेव, मालक विचारेल.” मी लिहिलं नाही. फॉर्मवर गेलं ते इतकंच: दोन माणसं, लिफ्ट आवश्यक, तीन आठवडे, डिपॉझिट कमी. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, मालकाने दुसऱ्याच दिवशी विचारलं. “दोघी राहणार आहेत, भाडं बाई स्वतः भरणार, पगाराचा पुरावा देतील,” मी सांगितलं. “बाकीचं?” “बाकीचं मी विचारलेलं नाही.”

मालक म्हणाला, घर बघायला येऊ द्या, मग ठरवू. भेटीत तो काय विचारेल यावर माझा ताबा नाही. म्हणून शनिवारी घर दाखवायला सहकाऱ्याला न पाठवता मीच जाणार आहे.