"बोर्मा तर मोकळाच असतो" : आमच्या मसाला काजूचा हिशेब दोनदा करावा लागला, त्याचा अनुभव

आमच्या काकांची डिचोली बाजूला काजूची छोटी फॅक्टरी आहे. चौदा माणसं, एक बोर्मा, आणि हिशेब बघायला मी. दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोक्यात आलं की नुसता गर विकण्यापेक्षा मिरी-मीठ लावलेला काजू १०० ग्रॅमच्या पाकिटात घालून किनाऱ्यावरच्या दुकानांना द्यायचा, पर्यटक घेतात, किलोमागे पैसे बरे सुटतात. त्यासाठी रोस्टर आणि पाकीट सील करायचं मशीन घ्यायचं होतं, म्हणून बँकेत कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला रिपोर्ट मी एका रात्रीत बनवला. वर्षाला ३००० किलो मसाला काजू, साधा गर तसाच विकला असता त्यापेक्षा किलोमागे १५० रुपये जास्त, म्हणजे साडेचार लाख, त्यातून नवी एक बाई, लाइट, मसाला, पाकिटं, दुकानदाराचं कमिशन असं सगळं मिळून १ लाख ३० हजार वजा, राहिले ३ लाख २० हजार. बोर्मा आणि जुन्या माणसांचा वेळ या दोन्ही ओळींसमोर मी मस्तपैकी शून्य टाकलं होतं. का, तर बोर्मा संध्याकाळी मोकळाच असतो आणि माणसांना पगार आपण देतोच आहोत, प्रोजेक्ट आला म्हणून एक रुपया जास्त जात नाही. (बोर्मा म्हणजे गरम हवेचा ड्रायर, सालासकट गर त्यात सात-आठ तास सुकवतात, मग साल सुटते. मसाल्याचं पाणी लावलेला गरही रोस्टरमध्ये जायच्या आधी त्यातच सुकवायचा होता.)

बँकेत द्यायच्या आधी मामांना दाखवला. मामा पूर्वी सहकारी बँकेत कर्जविभागात होते, आता घरी असतात आणि कोणाचाही कागद दिसला की पेन काढतात. त्यांनी त्या दोन शून्यांभोवती गोल केला आणि म्हणाले, "बोर्मा मोकळा असतो म्हणजे कधी गो? चवथीच्या आधीपण?"

मी म्हटलं, "मामा, वर्षाची सरासरी काढलीय, ६० टक्केच वापर आहे."

"सरासरीवर काजू सुकवतेस काय?"

मग मी बोर्म्याची वही काढली. आमचा ऑपरेटर रोज लिहितो, किती वाजता भरला, किती वाजता काढला, किती किलो. ती बारा महिन्यांची एकेक पानं उलटून महिनावार मांडली तेव्हा माझं मलाच हसू आलं. जून-जुलैमध्ये दिवसाला एक लोड, तोही कधी अर्धा. जानेवारी-फेब्रुवारीतही तसंच. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे चवथ, दसरा, दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचे महिने, रोज दोन लोड, रात्रीचासुद्धा भरलेला, आणि समासात ऑपरेटरने एके ठिकाणी "जागा नाही" असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. आणि मसाला काजूची अर्धी मागणी नेमकी याच तीन महिन्यांत. म्हणजे जी मोकळी कपॅसिटी मी फुकट धरली होती ती होती खरी, पण आम्हाला नको तेव्हा.

मग बायकांचा वेळ. ग्रेडिंगला आमच्याकडे सहा जणी महिन्याच्या पगारावर आहेत, गर हाताने निवडायचा, अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. मसाला काजूला त्यातल्या दोघी रोज तीन-तीन तास लागणार होत्या, ट्रेवर पसरणं, हलवणं, वजन करणं, सील करणं. जुलैत त्या दोघींना दुपारनंतर खरंच काम नसतं, तेव्हा त्यांचा वेळ शून्यच धरायचा, यात काही चूक नाही. काही लोक अशा ठिकाणी पगाराचा वाटा प्रोजेक्टवर टाकतात, तासाला अमुक रुपये, आणि वाटतं की काटेकोर हिशेब झाला. तेपण चूक, कारण तो पगार प्रोजेक्ट झाला नाही तरी जाणारच आहे. पण सप्टेंबरात त्याच सहा तासांत त्या दोघींनी ३६ किलो गर निवडला असता (आमच्याकडे एक बाई तासाला साधारण ६ किलो करते), आणि तो गर त्या महिन्यात हातोहात जातो. म्हणजे सप्टेंबरातल्या त्या तासाची किंमत पगारावरून काढायची नाही, त्या ३६ किलोत जे सुटलं असतं त्यावरून काढायची.

इथे मी परत एक चूक केली, ती सांगते कारण ही सहज होते. माझ्या जुन्या शीटमध्ये साध्या गराचा किलोमागे नफा ६८ रुपये होता, मी तोच घेतला. मामांनी विचारलं, हे ६८ बायकांचा पगार वजा करून की न करता? बघितलं तर किलोमागे १२ रुपये पगार त्यात वजा केलेला. आता तो गर निवडला गेला नाही म्हणून तो १२ रुपये पगार वाचणार आहे का? नाही, महिन्याचा पगार आहे. म्हणजे आपलं नुकसान ६८ चं नाही, ८० चं. (बायका किलोच्या दराने असत्या तर तो पैसा वाचला असता आणि मग ६८ बरोबर होते. आमच्या साल काढणाऱ्या बायका तशाच आहेत, किलोवर, त्यांचा खर्च आधीच वजा आहे आणि तो तसाच ठेवला.)

तर ऑगस्ट ते ऑक्टोबरचे कामाचे ७५ दिवस गुणिले ३६ किलो, २७०० किलो, गुणिले ८०, म्हणजे २ लाख १६ हजार. हा आकडा बघून काका चिडलेच, म्हणाले एवढं काही जात नाही. आणि त्यांचंही अर्धं खरं होतं. मडगावचा होलसेलवाला आठ दिवस थांबतो, त्याचा माल उशिरा गेला तर नुकसान फक्त उशिराचं. पण गिफ्ट बॉक्सवाला थांबत नाही, दिवाळी झाल्यावर त्याला बॉक्स नकोच असतो. काकांनी आठवून आठवून मागच्या वर्षीच्या ऑर्डरी सांगितल्या, तेव्हा साधारण निम्मा माल कायमचा हातचा जाणारा निघाला. म्हणून १ लाख ८ हजार धरले. मी उत्साहात बोर्म्याच्या जागेचं नुकसान वेगळं लावायला निघाले होते, पण ते करायचं नव्हतं. जो गर ग्रेडिंगला अडला तोच बोर्म्यात अडला असता, तोच किलो दोनदा कसा बुडेल? जिथे सगळ्यात जास्त अडतं तिथे एकदाच मोजायचं, आमच्याकडे ते ग्रेडिंग होतं.

बोर्म्याचं नुकसान वेगळ्याच रस्त्याने आलं. धंदा आहे तसा वाढत राहिला तर दुसरा बोर्मा आम्हाला चार वर्षांनी लागला असता. मसाला काजूने ती मोकळी जागा खाल्ली की तो दोन वर्षांनीच घ्यावा लागणार. बोर्मा ६ लाखांचा धरला आणि व्याज १२ टक्के, तर चार वर्षांनंतरचे ६ लाख आजचे ३ लाख ८१ हजार होतात आणि दोन वर्षांनंतरचे ४ लाख ७८ हजार. मधले ९७ हजार हे मसाला काजूच्या नावावर, एकदाच. लवकर घेतलेला बोर्मा जुनाही लवकर होणार, तो पुढचा फेरा मी मोजला नाही, आमच्या आकाराच्या धंद्याला एवढं पुरे.

हे सगळं कागदावर चाललेलं असताना एप्रिलमध्ये जे झालं त्याने मात्र काकांची खात्री पटली. भाड्याचा रोस्टर आणून मसाल्याची ट्रायल घ्यायची म्हणून आमचा सुपरवायझर रोज दोन तास त्यात अडकलेला. एप्रिल म्हणजे आमचा बी खरेदीचा मोसम. एरवी प्रत्येक लॉटला तोच उभा राहतो, एक किलो बी काढून मोजतो, कापून बघतो, किती भरलेली, किती पोकळ, किती काळी. हाताने हलवूनच त्याला निम्मं कळतं. त्या दिवशी तो मिरीचं प्रमाण बघत होता आणि २० पोत्यांचा एक लॉट न कापता उतरवला गेला. आमच्याकडे ८० किलोच्या पोत्याला २० किलो गर निघतो, या लॉटला निघाला साडेसतरा. वीस पोती गुणिले अडीच किलो, ५० किलो गर, किलोला ७०० धरले तरी ३५ हजार गेले. विकणाऱ्याला काय बोलणार, माल बघून घ्यायचं काम आमचं होतं.

सुपरवायझरचा पगार २८ हजार. दोन तासांचा वाटा काढला तर जेमतेम २७० रुपये. पहिल्या रिपोर्टमध्ये मी शून्य लिहिलं होतं, एखाद्याने २७० लिहिले असते. त्या दिवशी त्याचे दोन तास ३५ हजारांना पडले, आणि जूनमध्ये तेच दोन तास खरंच शून्याचे असतात, तेव्हा तो गोडाऊनचे पत्रे बघत फिरत असतो.

मग रिपोर्ट परत लिहिला. वर्षाची एक ओळ काढून बारा रकाने केले. आणि प्रोजेक्टच थोडा हलवला, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या १५०० किलोपैकी ९०० किलो जून-जुलैतच करून ठेवायचे, बायकाही मोकळ्या, बोर्माही मोकळा. सीझनमध्ये उरले फक्त ६०० किलो, त्यामुळे बुडणारा पैसा १ लाख ८ हजारांवरून ४३ हजारांवर आला. दुसऱ्या बोर्म्याची तारीखही जवळजवळ पूर्वीच्या जागी गेली. अर्थात माल आधी करून ठेवणं फुकट नाही, ९०० किलोत ७५० च्या भावाने पावणेसात लाख तीन महिने अडकतात, त्याचं व्याज २० हजार. तरी ३ लाख २० हजारांचे २ लाख ५७ हजार राहतात.

आणि पावसाळा. आमच्या जूनमध्ये घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. नायट्रोजन भरून पाकिटं केली, तरी पहिल्या वर्षी ऑक्टोबरात उघडलेली काही पाकिटं मऊ निघाली, दोन-तीनना खवट वास. कारण शोधलं तर सीलच्या रेघेत मिठाचा बारीक दाणा अडकलेला, तिथून हवा आत. आता प्रत्येक ट्रेमधलं एक पाकीट पाण्यात धरून दाबतात, बुडबुडा आला की तो ट्रे परत. त्याला रोज एका बाईची वीस मिनिटं जातात. जुलैत जातात, म्हणून त्या रकान्यात मी शून्यच लिहिलंय.

कर्ज त्या दुसऱ्या रिपोर्टवर मिळालं. यंदा एप्रिलमध्ये एका दुकानदाराचा फोन आला, ४० किलो मसाला काजू आठ दिवसांत हवा होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी एप्रिलचा रकाना दाखवला, आणि ते फोनवर म्हणाले, "मे संपू दे रे, मग हवा तेवढा घे."