बेरीज जुळते, क्रम जुळत नाही

वाळवा-शिराळा भागातल्या एका दूध संघाच्या वार्षिक खातेउताऱ्यांचं हे प्रकरण आहे. दर दहा दिवसांची बिलं वर्षभर बिनचूक निघत होती. दिवाळीच्या दर फरकासाठी वर्षाचे उतारे काढले, तेव्हा काही उत्पादकांच्या खात्यावर व्याज लागलं. एका संस्थेच्या सचिवांनी उतारा पुढे केला आणि विचारलं, "सायेब, बेरीज जुळतीया, शिल्लक बी बराबर हाय, मग ह्ये व्याज कशाचं?"

प्रश्न अचूक होता. शेवटची शिल्लक पैशापर्यंत बरोबर होती. चुकला होता तो ओळींचा क्रम. समजा, खात्यावर 2,000 रुपये आहेत, सकाळचं दूध 600, संध्याकाळचं 600, आणि मग पशुखाद्याची उचल 3,000. या क्रमाने शेवटी 200 उरतात आणि शिल्लक एकदाही शून्याखाली जात नाही. तीच उचल दुधाच्या आधी छापली गेली तर शिल्लक मध्येच उणे 1,000 होते. शेवटी 200च उरतात, पण 'शिल्लक उणे गेली की व्याज' हा नियम तोवर लागू झालेला असतो. हिशेब विभाग फक्त एकूण बेरीज ताडून पाहत होता, आणि बेरीज तर नोंदी कशाही उलटसुलट केल्या तरी तीच येते. क्रमाची चूक त्या तपासणीत सापडणं शक्यच नव्हतं.

प्रोग्रॅम सी भाषेतला होता. मूळ फाइल तारीख, पाळी आणि पावती क्रमांक यांप्रमाणे लावलेली असायची. ती उत्पादकाच्या कोडप्रमाणे लावली की एकेकाचा उतारा तयार, असा हिशेब. त्यासाठी `qsort` वापरला होता आणि तुलनेत फक्त कोड घेतला होता. समान कोडच्या नोंदी आधीच्याच क्रमात राहतील, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. या गुणाला स्थिरता म्हणतात, आणि सी भाषेचं प्रमाणक `qsort`कडून तिची हमी देत नाही. हमी वाचायची सोडून अनुभवावर विसंबायची सवय आपल्या धंद्यात फार आहे, आणि ती मला मनापासून खटकते.

मग दहा दिवसांची बिलं बरोबर का येत होती? त्या मशीनवर डेबियन 11 होतं, म्हणजे ग्लिबसी 2.31. त्यातला `qsort` नावाप्रमाणे क्विकसॉर्ट करत नाही. जमेल तिथे तो मर्ज सॉर्ट करतो, आणि मर्ज सॉर्ट स्थिर असतो. मात्र त्याला डेटाएवढीच वेगळी जागा लागते. ती जागा मशीनच्या एकूण मेमरीच्या पावपटीपेक्षा जास्त होत असेल, तर तो गुपचूप क्विकसॉर्टकडे वळतो. क्विकसॉर्ट जागच्या जागी अदलाबदल करतो आणि समान कोडच्या नोंदी एकमेकांवरून उड्या मारतात.

आता आकडे बघा. उत्पादक 40,000, रोज दोन पाळ्या, एक नोंद 32 बाइटची. उचलीच्या नोंदी त्यामानाने नगण्य, म्हणून सोडून देतो. दहा दिवसांच्या 8 लाख नोंदी म्हणजे 2 कोटी 56 लाख बाइट. वर्षाच्या 2 कोटी 92 लाख नोंदी म्हणजे 93 कोटी 44 लाख बाइट. मशीनला मेमरी 2 जीबी, तिची पावपट सुमारे 53 कोटी 68 लाख बाइट. म्हणजे बिलाला मर्ज सॉर्ट मिळत होता आणि वार्षिक उताऱ्याला क्विकसॉर्ट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपला 8 जीबी मेमरी होती, त्यामुळे तिथे संपूर्ण वर्षाचा डेटा चालवूनही चूक दिसेना.

दरम्यान हिशेब विभागातल्या एका उत्साही माणसाने डेटा टेक्स्ट फाइलमध्ये काढून लिनक्सच्या `sort` आज्ञेने लावून पाहिला. नोंद अशी होती: `112,2023-11-03,M,6.5`. त्याने `sort -t, -k1,1n` दिलं आणि प्रत्येक दिवशी संध्याकाळचं दूध सकाळच्या आधी आलं. कारण ही आज्ञा कोड समान निघाले की आख्ख्या ओळीची तुलना करते, आणि अक्षरक्रमात E हे M च्या आधी येतं. तिथे `-s` द्यावं लागतं, म्हणजे समान ओळी आल्या त्याच क्रमात राहतात.

```
sort -s -t, -k1,1n -S 500M -T /data/tmp varsh.csv
```

`-S` ने मेमरीची मर्यादा ठरते आणि त्यात न मावणारे तुकडे `-T` च्या जागेत लिहून नंतर मर्ज होतात. डेटा मेमरीत मावतच नसेल तर हाच मार्ग. तात्पुरत्या जागेत डेटाएवढी डिस्क मोकळी आहे ना, हे आधी बघावं. नाहीतर काम बरंच पुढे गेल्यावर थांबतं.

इथे मात्र डेटा मेमरीत मावत होता, फक्त त्याची दुसरी प्रत पावपटीत मावत नव्हती. कोड 1 ते 40,000 एवढेच, म्हणून नोंदी न हलवता त्यांच्या क्रमांकांची मोजणी-पद्धत वापरली:

```c
for (i = 0; i < n; i++) start[rec[i].code + 1]++;
for (c = 1; c <= 40001; c++) start[c] += start[c-1];
for (i = 0; i < n; i++) idx[start[rec[i].code]++] = i;
```

पहिल्या फेरीत प्रत्येक कोडच्या नोंदी मोजल्या जातात, दुसरीत प्रत्येकाची सुरुवातीची जागा ठरते, तिसरीत क्रमांक त्या जागी बसतात. तिसरी फेरी पुढून चालते, म्हणून क्रम राखला जातो. `idx` ला नोंदीमागे 4 बाइट, म्हणजे 11 कोटी 68 लाख बाइट पुरतात. पूर्ण प्रतीच्या तुलनेत हा आठवा हिस्सा आहे.

मूळ फाइलचा क्रमही एकदा तपासावा लागला, कारण वीज किंवा नेटवर्क गेलं की संस्थेच्या सकाळच्या नोंदी संध्याकाळचं संकलन झाल्यावर पोहोचतात. अशा 60 नोंदींसाठी इन्सर्शन सॉर्ट उत्तम. प्रत्येक नोंद फार तर 40,000 नोंदी ओलांडून मागे सरकते, म्हणजे 24 लाख सरकवण्या, ज्या डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात, आणि जास्तीची मेमरी एका नोंदीपुरती. फक्त सरकवताना तुलना `>` ने करायची. `>=` लिहिलं की स्थिरता गेली. पण शीतकरण केंद्राच्या 8,000 नोंदी एकदम आल्या तर हीच पद्धत 32 कोटी सरकवण्यांवर जाते. तिथे त्या 8,000 बाजूला ठेवून मागून पुढे मर्ज करावं. 48,000 पावलांत काम होतं आणि जागा लागते जेमतेम 2 लाख 56 हजार बाइट. 'जवळपास लागलेला डेटा' म्हणताना किती नोंदी जागा सोडून आहेत आणि त्या किती लांब आहेत, हे दोन्ही विचारायला हवं.

`qsort` ठेवूनही दुरुस्ती झाली असती. तुलनेत कोडनंतर तारीख, पाळी आणि पावती क्रमांक घेतला, तर समान नोंदी उरतच नाहीत आणि स्थिरतेची गरजच संपते. पावती क्रमांक घ्यावाच लागतो, कारण गायीचं आणि म्हशीचं दूध एकाच पाळीत वेगवेगळं घातलं जातं. शिवाय छपाईआधी एक तपासणी फेरी ठेवली आहे. लागोपाठच्या दोन नोंदींचा कोड एकच असेल, तर पुढचीची तारीख-पाळी-पावती मोठीच हवी, नाहीतर उतारा छापायचा नाही.

बैठकीत एक सूचना आली होती की 2 जीबीची मेमरी वाढवून 4 जीबी करावी. स्वस्तात काम झालं असतं, कारण पावपट 107 कोटी बाइटवर गेली असती आणि चूक दिसेनाशी झाली असती. त्या जागेत वर्षाच्या सुमारे 3 कोटी 35 लाख नोंदी मावतात. म्हणजे उत्पादक 46 हजारांच्या घरात पोहोचले की त्या दिवाळीला व्याज पुन्हा लागलं असतं.