ब्लोअर थांबेना, OV जाईना: रॅम्प टाइम बसवण्याचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्या सँड प्लांटच्या धूळ ओढणाऱ्या बॅग फिल्टरला 75 किलोवॉटचा ब्लोअर आहे. मोटर चार पोलची, 130 अँपिअरची, फॅन थेट कपलिंगवर. आधी तो स्टार-डेल्टावर चालायचा. वीजबिल कमी करायचं म्हणून त्याला फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवला आणि तो लावून देणारा माणूस मोटरची नेमप्लेट भरून, दोन मिनिटं फिरवून निघून गेला. अ‍ॅक्सिलरेशन 10 सेकंद, डिसिलरेशन 10 सेकंद, म्हणजे वेग चढायचा आणि उतरायचा रॅम्प टाइम कंपनीतून आला होता तसाच.

सोमवारी पहिल्या पाळीला स्टार्ट दिला आणि 8 हर्ट्झच्या आतच OC, म्हणजे ओव्हरकरंटची ट्रिप. रीसेट, पुन्हा OC. मी वेळ 20 सेकंद केली. या वेळी फॅन मस्त उचलला, मी पाठ फिरवली आणि 40 हर्ट्झ ओलांडल्यावर ओव्हरलोडने ट्रिप. हे मला चमत्कारिक वाटलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की अडचण असते ती सुरुवातीच्या झटक्यात. एकदा उचलला की उचलला.

मग अंदाजपंचे आकडे वाढवणं सोडून फॅनची डेटाशीट काढली. त्यावर लिहिलेलं, GD² 240. मी तोच आकडा जडत्व म्हणून हिशोबात घातला आणि उत्तर आलं सहा मिनिटं! सँड प्लांटचा सुपरवायझर म्हणाला, "तवर आमचा चहा हुतोय की." चूक रात्री घरी लक्षात आली. फॅनवाले GD² देतात आणि जडत्व J त्याचा चौथा हिस्सा असतं. म्हणजे फॅनचे 60, मोटरच्या रोटरचं दीड, एकूण साधारण 61.5 किलोग्रॅम-मीटर वर्ग.

हिशोब खरं तर एका ओळीचा आहे:

```
T = J × ω / t
61.5 × 155 / 20 = 476 Nm
```

155 म्हणजे 1480 आरपीएमचा रेडियनमधला वेग. मोटरचा रेटेड टॉर्क 484. म्हणजे 20 सेकंदात पूर्ण वेग हवा असेल तर नुसतं ते जड चाक फिरतं करायलाच मोटरची जवळजवळ सगळी ताकद जाते. हवा ढकलायचं काम वेगळंच. आमचा फॅन पूर्ण वेगाला 60 किलोवॉट खातो, म्हणजे 387 न्यूटन-मीटर. पण हा टॉर्क वेगाच्या वर्गाने वाढतो: 25 हर्ट्झला तो फक्त पाव असतो, 40 हर्ट्झला दोन तृतीयांशाच्या जवळ. म्हणून 476 मध्ये 248 मिळाले तेव्हा मोटर दीडपट टॉर्कवर होती आणि करंट 195 अँपिअरच्या घरात. ड्राइव्ह फॅन-पंपासाठीचा, 145 अँपिअरचा, 110 टक्के लोड मिनिटभर सोसणारा. तो बिचारा तिथे पडणारच. 10 सेकंदांना तर पहिल्या हर्ट्झपासूनच दुप्पट टॉर्क मागितला जात होता. चाक मागे राहिलं, फ्रिक्वेन्सी पुढे पळाली, स्लिप वाढली आणि OC.

ट्रिप कोणत्या हर्ट्झला होते, त्यावरून दुखणं कळतं. अगदी खाली झाली तर वेळ फारच कमी असते, वर झाली तर थोडक्यात हुकलेलं असतं. मी 90 सेकंद धरले. जडत्वासाठी 106, हवेसाठी 387, म्हणजे शेवटच्या टप्प्यालाही मोटर 102 टक्क्यांवर. 60 सेकंदही चालले असते, पण दुपारी आमच्याकडे व्होल्टेज पडतं. तेव्हा 113 टक्क्यांवर खेळायची माझी तयारी नव्हती. करंट लिमिट कुणीतरी बंद ठेवलं होतं, तेही चालू केलं.

चढण सुटली, पण उतरण जास्त अवघड निघाली.

आमच्याकडे पाळी संपली की फिल्टरचं झाकण उघडतात. नुसता वीज काढून सोडला तर फॅन अर्ध्या वेगावर पटकन येतो, पंचवीस सेकंदांत. पण पुढे हवेचा विरोधच उरत नाही आणि रेंगाळत रेंगाळत सात-आठ मिनिटं घेतो. म्हणून रॅम्पने थांबवायचा. 30 सेकंद ठेवले, 43 हर्ट्झच्या आसपास OV, म्हणजे ओव्हरव्होल्टेजची ट्रिप. 60 ठेवले, तरी 27 च्या आसपास OV.

इथे नेमकं काय होतं? फिरत्या चाकात साडेसातशे किलोज्यूलच्या जवळपास ऊर्जा असते. आपण ते रोखायला लागलो की मोटरच जनरेटर होते आणि ही ऊर्जा ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये येते. बस एरवी 580 व्होल्टला, ट्रिप 800 ला. आमच्या ड्राइव्हमध्ये साधारण 4,000 मायक्रोफॅरड आहेत. एवढ्या फरकात त्यात मावतात फक्त 600 ज्यूल! बाकीचं मोटर आणि ड्राइव्हच्या नुकसानातच जिरायला हवं आणि ते आमच्याकडे तीनेक किलोवॉट. ब्रेक रेझिस्टर लावला असता तर प्रश्न मिटला असता, पण खरेदीची मंजुरी मिळाली नाही.

यात फॅनची एक मेहेरबानी असते. वरच्या वेगाला हवा स्वतःच ब्रेक लावते, त्यामुळे सुरुवातीला बस हलतही नाही. वेग उतरला की हवेचा ब्रेक झपाट्याने सुटतो, रॅम्प मात्र तितक्याच जोराने रोखत राहतो. तिथून व्होल्टेज चढायला लागतं. डिस्प्लेवर डीसी बसचा आकडा लावून उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. 60 सेकंदांना 32 हर्ट्झपर्यंत आकडा गप्प होता, मग एकदम पळाला. 120 सेकंदांना सर्वांत वाईट क्षणी परत येणारी शक्ती दोन किलोवॉटच्या आसपास निघते आणि बस 700 च्या खाली राहिली. दोन दिवस सगळं शांत.

तिसऱ्या रात्री पुन्हा OV. माझ्या पाळीत येत नव्हतं, रात्रीच्याच पाळीत येत होतं. शेवटी मी स्वतः थांबलो. ऑपरेटर मामा स्टॉप द्यायच्या आधी डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, बंद करत होते. "लोड काढून मग बंद करायचं, तीस वर्सं असंच करतोय," ते म्हणाले. स्टार-डेल्टाच्या काळात त्यांचं बरोबरच होतं. सुरू करताना तर आजही डँपर बंद असला तर करंट कमी लागतो. पण थांबवताना डँपर बंद केला की हवेचा ब्रेकच काढून घेतल्यासारखं होतं. आमच्या फॅनचा लोड तेव्हा चाळीस टक्क्यांवर येतो, आणि तेच 120 सेकंद ठेवूनही परत येणारी शक्ती साडेतीन किलोवॉटच्या जवळ जाते. तीन जिरतात, अर्धा उरतो, OV.

मामांची सवय मोडण्यापेक्षा रॅम्प 160 केला. शिवाय ड्राइव्हमधलं ओव्हरव्होल्टेज कंट्रोल चालू केलं, म्हणजे बस चढली की तो स्वतःच उतरण लांबवतो. एक शेवटची खबरदारी राहिली होती. वीज गेली आणि लगेच आली तर फॅन अजून फिरतच असतो, आणि ड्राइव्ह शून्यापासून सुरू झाला की पहिल्याच क्षणी ट्रिप. त्यासाठी फिरत्या फॅनचा वेग ओळखून तिथूनच सुरू करणारा फ्लाइंग स्टार्ट चालू केला.

पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर आता चढ 90, उतार 160 लिहिलंय, आणि खाली ही वेळ 0 ते 50 हर्ट्झची आहे हेही. फॅन 40 हर्ट्झवर चालत असेल तर त्याला थांबायला 128 सेकंदच लागतात. तेव्हा मामांनी "आज लवकर थांबला" म्हणून मला बोलावू नये.