आमची वाटचाल: दुकानाच्या पाटीपासून बेकरीच्या नावापर्यंत

बाबा नागपूरच्या इतवारीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते काम आटलं आणि मी संगणकावर लोगो करायला लागलो. हात मात्र कुंचल्याचाच राहिला. म्हणून आजही आमच्याकडे नाव आधी कागदावर लिहिलं जातं, फॉन्टची पाळी नंतर. ही रीत पक्की झाली ती एका ताईंच्या घरगुती बेकरीच्या कामात.

ताई म्हणाल्या, "भाऊ, नाव वाचताना ऊब वाटली पाहिजे. आणि नागपूरची बेकरी आहे, तर संत्र्याचा रंग द्या." रंगाचं शेवटी बघू, असं मी सांगितलं. काळ्या शाईत जे अक्षर रुक्ष दिसतं, ते केशरी केलं तरी रुक्षच राहतं.

नावात ब, व आणि ठ होते, तिन्ही गोल पोटाची अक्षरं. आधी बोरूने लिहून पाहिलं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते. रूप देखणं, पण लग्नपत्रिकेचं. मग गोल टोकाचा कुंचला घेतला. रेघेची जाडी जवळपास सारखी, टोकं मऊ, पोटं भरदार, आणि नाव लगेच जवळचं वाटायला लागलं. शिरोरेषा कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवली, कारण जाडी सारखी असली तरी आडवी रेघ डोळ्याला जाड भासते आणि अक्षरांवर ओझं ठेवल्यासारखी दिसते. तिला पावाच्या वरच्या बाजूसारखा हलका फुगवटा दिला. काने मात्र ओळंब्यात सरळ. तेही रेषेबरोबर कलले असते तर अख्खं नाव दोन्हीकडे घसरताना दिसलं असतं.

खरी परीक्षा डब्यावर झाली. घरगुती बेकरीत छापील डबे परवडत नाहीत. साध्या तपकिरी डब्यावर रबरी शिक्का मारतात. त्या खरबरीत पुठ्ठ्यात शाई पसरते. शिक्का मारला तर ब च्या पोटातली तिरपी रेघ बुजली आणि ताईंच्या मुलीने तो व वाचला. घरच्या माणसाने असं वाचलं तर गिऱ्हाईक काय वाचेल!

मग शिक्क्यासाठी वेगळं अक्षर काढलं. ब चं पोट रुंद केलं, तिरपी रेघ बाकीच्या रेघांपेक्षा बारीक केली. पोट कान्याला मिळतं त्या सांध्यात बारीक खाच ठेवली. पसरलेली शाई तिथे भरते आणि कोपरा नीट दिसतो. संगणकाच्या पडद्यावर ही खाच विचित्र दिसते, शिक्क्यात मात्र कळतही नाही.

ताईंना शेवटी तीन रूपं दिली: लेबलसाठी एका ओळीतलं, व्हॉट्सअॅपच्या गोल फोटोत मावेल असं दोन ओळींचं, आणि शिक्क्याचं. केशरी रंग फक्त लेबलवर आला, तोही गडद, कारण फिकट केशरी तपकिरी डब्यावर उठत नाही. आता खाण्याच्या पदार्थांचं काम आलं की आम्ही पहिल्याच भेटीत रिकामा डबा मागून घेतो.