आमची वाटचाल: ‘साठ’ ऐवजी ‘तीस’

आम्ही तिघेजण. कंपन्यांचे जुने करारनामे वाचून प्रश्नांची उत्तरं देणारी प्रणाली बनवतो. पहिल्या मोठ्या ग्राहकाकडे सहाशे करार होते, म्हणून सरधोपट मार्ग धरला. प्रत्येक कागदाचे साधारण ५०० टोकनचे तुकडे केले; टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा अंश, ज्यात मॉडेल मजकूर मोजतं. त्यांची एम्बेडिंग काढली, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांत मांडला, आणि प्रश्नाला जवळचे आठ तुकडे भाषा-मॉडेलपुढे ठेवले. उत्तरं झटपट यायची, खर्चही बेताचा होता.

मग एका करारावर प्रश्न आला: रद्द करायचा तर किती दिवसांची नोटीस? उत्तर आलं, साठ. खरं उत्तर तीस होतं.

आधी मॉडेललाच दोष दिला. नंतर निवडलेले आठ तुकडे उघडून पाहिले. मूळ करारातलं कलम होतं, पण तिसरं दुरुस्तीपत्रक त्यात नव्हतंच. त्यातलं वाक्य एवढंच: ‘कलम १४.२ मधील “साठ” ऐवजी “तीस” वाचावे.’ ना ‘नोटीस’ हा शब्द, ना ‘रद्द’. प्रश्नाशी अर्थाने जुळावं असं त्या तुकड्यात काही नव्हतंच, मग तो सापडणार कसा? आठऐवजी वीस तुकडे घेतले, तरी तो आला नाही. तेव्हापासून चुकीचं उत्तर दिसलं की आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: योग्य मजकूर मॉडेलपर्यंत पोहोचला होता का?

तो करार आणि त्याची सगळी दुरुस्तीपत्रकं मिळून सुमारे ७०,००० टोकन होत होते. ते तारखेच्या क्रमाने अख्खेच दिल्यावर उत्तर बरोबर आलं. पण आठ तुकड्यांचे ४,००० टोकन कुठे आणि हे कुठे, प्रत्येक प्रश्नाला सतरा-अठरा पट मजकूर! शिवाय सहाशे करार एकत्र कोणत्याच मॉडेलच्या विंडोत, म्हणजे ते एका वेळी वाचू शकतं तेवढ्या मजकुरात, मावणार नव्हते. मावले असते तरी लांब मजकुराच्या मधल्या भागातली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून निसटते, हा अनुभव आम्हालाही आला होता.

शेवटी शोधाचं काम बदललं. आता शोध तुकडे निवडत नाही, करार निवडतो, आणि निवडलेला करार दुरुस्त्यांसकट पूर्ण आत जातो. खर्च आवरला तो कॅशमुळे, म्हणजे एकदा वाचलेला मजकूर तात्पुरता साठवून ठेवण्याच्या सोयीमुळे. एकाच करारावर लागोपाठ प्रश्न आले, तर सुरुवातीचा समान मजकूर पुन्हा पूर्ण दराने मोजला जात नाही. यातही आम्ही आठवडाभर फसलो. मॉडेलला दिलेल्या सूचनांच्या पहिल्याच ओळीत वेळ छापत होतो, त्यामुळे दर वेळी सुरुवात वेगळी आणि कॅश निकामी. बिल उतरेना तेव्हा ते लक्षात आलं. आता कागद आधी, वेळ आणि प्रश्न शेवटी.

‘कोणत्या करारांत दंडाचं कलमच नाही?’ असा प्रश्न मात्र दोन्ही वाटांनी सुटत नाही. जे नाही ते शोधून सापडणार कसं? त्यासाठी एकेक करार वाचून तक्ता भरून ठेवावा लागतो. सध्या तेच चाललंय.