रेलमधले अंतर, क्लॅम्पची जागा आणि ग्रीस लावलेला बोल्ट

चवथीनंतर पाऊस ओसरला आणि मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे गच्चीवरच्या सौर पॅनेलांचे ईएल फोटो, म्हणजे करंट दिल्यावर सेलमधून निघणाऱ्या मंद उजेडाचे फोटो, पुन्हा काढले. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सोडवून एकेका पॅनेलला काळोखात डीसी पुरवठा जोडला. धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला लावून, आधी शॉर्ट सर्किट करंटच्या जवळपास आणि मग त्याच्या दहाव्या हिश्श्यावर, असे दोन फोटो घेतले. मधल्या रांगेतली पॅनेले स्वच्छ निघाली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या पॅनेलमध्ये मात्र सेलवर काळ्या रेघा दिसल्या, आणि त्या कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. दोन्ही रेल ज्या रेषेत पॅनेलखालून जातात, नेमक्या त्याच रेषेत त्या आडव्या ओळीने होत्या. कमी करंटच्या फोटोतही दोन सेलचे तुकडे पूर्ण काळे आहेत, म्हणजे ते तुकडे सेलवरचा करंट गोळा करणाऱ्या बसबारपासून पूर्ण सुटले आहेत. काचेवर साधा ओरखडाही नाही आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज अगदी व्यवस्थित येते. ईएल काढले नसते, तर हे कळलेच नसते.

रेघा रेलच्याच रेषेत का, या एका प्रश्नात बराच वेळ गेला. या सांगाड्यावर पूर्वी साठ सेलची १६५० मिमी लांबीची पॅनेले होती आणि तेव्हा बसवणाऱ्याने दोन रेलमध्ये ९६८ मिमी अंतर ठेवले होते. त्या लांबीला ते योग्यच होते. आताची पॅनेले २२७८ मिमी लांब आणि ११३४ मिमी रुंद आहेत, आणि बदल करणाऱ्या फिटरने रेल न हलवता ही नवी पॅनेले त्यावर चढवली. त्यामुळे प्रत्येक टोक रेलच्या बाहेर ६५५ मिमी लोंबकळत राहिले. लांब कडेवरच्या क्लॅम्पसाठी बहुतेक मॅन्युअलमध्ये दिलेली जागा टोकापासून लांबीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यात येते. या पॅनेलला ती ४५५ ते ५७० मिमी होते. म्हणजे आमचे क्लॅम्प मर्यादा ओलांडून ८५ मिमी मध्याकडे होते.

हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब मांडतो. फ्रेमला दोन आधारांवर ठेवलेली, सारख्या भाराची तुळई मानले, तर आधारावरचा वाकवणारा परिणाम बाहेर राहिलेल्या लांबीच्या वर्गाच्या निम्म्याच्या प्रमाणात वाढतो. ही लांबी एकूण लांबीच्या ०.२०७ पट, म्हणजे ४७२ मिमी ठेवली, की आधारावरचा आणि मधला परिणाम सारखा होतो आणि यापेक्षा कमी कमाल मिळत नाही. ६५५ मिमीला आधारावर तोच परिणाम १.९ पट होतो. काच दोन दिशांना वाकते, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण दोष कुठल्या बाजूला आहे हे त्यातून स्पष्ट दिसते.

दिशेचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. आमची पॅनेले एका बाजूला काच आणि मागे बॅकशीट अशी आहेत, म्हणजे सेल काचेच्या खालच्या अंगाला चिकटलेले आहेत. वरून दाब आला तर लोंबकळणारी टोके खाली वाकतात आणि रेलच्या रेषेत सेल दाबले जातात, आणि सिलिकॉन दाब बऱ्यापैकी सोसते. वारा खालून शिरून पॅनेल उचलू लागला, की टोके वर वळतात आणि त्याच रेषेत सेल ताणले जातात. ताणात सिलिकॉन तडकते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. त्यावरून दाब साधारण ९१० पास्कल येतो. दाबाचा गुणांक नुसता १ धरला तरी एका पॅनेलवर उचलणारा भार सुमारे २४० किलोचा होतो, आणि गच्चीच्या कोपऱ्यावर हा गुणांक एकापेक्षा जास्त असू शकतो. कोपऱ्यातलेच पॅनेल का तडकले, याचे उत्तर मला यात मिळाले.

पहिला बेत मध्ये तिसरी रेल घालण्याचा होता. तो सोडला, कारण तीन रेल अचूक एका पातळीत आणणे कठीण असते आणि मधली रेल जराशी जरी वर राहिली, तरी क्लॅम्प आवळताना फ्रेम तिच्यावरच वाकते. तिरके राफ्टर १५०० मिमीचे आहेत, त्यामुळे दोन रेल १३३४ मिमी अंतरावर सरकवून नवी भोके पाडली आणि कापलेल्या कडांना झिंकचा लेप दिला. मग चारही कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या कर्णांवर ताणल्या. रेल एका पातळीत असतील, तर दोऱ्या मध्ये एकमेकींना नुसत्या स्पर्श करतात. आमच्याकडे एक दोरी सहा मिमी वर होती. ते अंतर पायाखाली पॅकिंग देऊन काढले, कारण ते क्लॅम्पच्या जोराने काढले तर पॅनेल कायमचे पिळलेले राहते.

यानंतर पुढची अडचण उभी राहिली. क्लॅम्प आवळल्यावर काही फ्रेमच्या वरच्या कडेवर खळगे दिसले. टॉर्क रेंच सांगितलेल्या १२ न्यूटन मीटरलाच वाजला होता. कारण बोल्टच्या आट्यांत निघाले. समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेमुळे आम्ही स्टेनलेसचे एम ८ बोल्ट वापरतो आणि नट आट्यांत जाम होऊन बसू नये, म्हणून अँटी-सीझ लावतो. ते लावायलाच हवे. पण टॉर्क म्हणजे पकड नव्हे. टॉर्कचा मोठा हिस्सा घर्षणात जातो, आणि घर्षण कमी केले की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

```
F = T / (K × d)
12 / (0.20 × 0.008) = 7500 N
12 / (0.15 × 0.008) = 10000 N
 9 / (0.15 × 0.008) = 7500 N
```

येथे एफ म्हणजे बोल्टमधला ताण, टी म्हणजे टॉर्क आणि डी म्हणजे बोल्टचा मीटरमधला व्यास. के हा घर्षणावर अवलंबून असलेला टॉर्कचा गुणांक आहे, कोरड्या आट्यांना साधारण ०.२० आणि वंगण लावल्यावर ०.१५. लेपागणिक तो बदलतो, म्हणून डब्यावर छापलेला आकडा धरावा. क्लॅम्प बनवणाऱ्याने दिलेला टॉर्क कोरड्या बोल्टचा की वंगण लावलेल्याचा, हे विचारल्याशिवाय आवळू नये. आमचा कोरड्याचा निघाला, म्हणून आता सगळीकडे ९ ठेवला आहे आणि नवे खळगे पडलेले नाहीत.

एंड क्लॅम्पखालचे खळगे मात्र वेगळ्या प्रकारचे होते. ते सपाट नसून एका कडेने रेघेसारखे खोल गेले होते. म्हापशाच्या बाजारातून आणलेले ते क्लॅम्प ३० मिमी फ्रेमचे होते आणि आमची फ्रेम ३५ मिमी आहे. क्लॅम्पची टाच रेलला टेकत नाही, क्लॅम्प तिरका होतो आणि सगळा जोर एका कडेवर येतो. टॉर्क कमी करून हा दोष जात नाही, योग्य उंचीचे क्लॅम्पच लागतात. ते आणून बसवले आहेत.

रेंचविषयीही एक मत नोंदवतो. गॅरेजमध्ये मिळणारा २० ते ११० न्यूटन मीटरचा रेंच या कामाचा नाही, कारण आपल्याला हवा असलेला आकडा त्याच्या पट्ट्याच्या खालीच राहतो. ५ ते २५ चा छोटा रेंच महाग पडतो, तरी तोच घ्यावा. इम्पॅक्ट ड्रायव्हरने नट नुसता टेकवण्यापुरता फिरवण्याचाही मी आता आग्रह धरणार नाही. तो कुठे थांबेल याचा भरवसा नसतो.

तडकलेले पॅनेल काढून टाकणार होतो, पण हे लिहिताना विचार बदलला. ते मधल्या रांगेत हलवतो, जिथे वाऱ्याची उचल कमी असते, आणि कोपऱ्यात एक स्वच्छ पॅनेल लावतो. दोन्हींचे ईएल फोटो आता त्याच करंटवर आणि कॅमेऱ्याच्या त्याच सेटिंगवर काढून ठेवतो. पुढच्या पावसानंतर कोपऱ्यातले पॅनेल रेलच्या रेषेत स्वच्छ राहिले, तर १३३४ मिमीचे अंतर पक्के मानता येईल. मधल्या पॅनेलमधले दोन काळे तुकडे वाढले, तर मात्र ते बदलावेच लागेल, कारण सुटलेल्या तुकड्यांमुळे सेल तापू लागतो आणि तिथे हॉटस्पॉट होतो.