एसएसओ घेतला, तरी गेलेल्या माणसाचं टोकन चालूच

"गिटहबच्या टीम प्लॅनवर एसएसओ नाही. मग नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश बंद करायला एंटरप्राइजच घ्यावा लागतो का?"

नाही. आणि घेतलात तरी नुसत्या एसएसओने, म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे शिरण्याच्या सोयीने, तो प्रवेश पूर्ण बंद होत नाही. उत्तराचा हा दुसरा भाग मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण खरेदी ठरवताना नेमका तोच सुटतो.

टीमचा जाहीर दर माणशी महिना ४ डॉलर, एंटरप्राइज क्लाउडचा २१. चाळीस माणसं असतील तर १६० च्या जागी ८४०. सॅमल पद्धतीचा एसएसओ एंटरप्राइजमध्येच आहे. ऑडिट लॉग मात्र टीमवरही आहे: ऑर्गनायझेशनच्या ओनरला मागच्या १८० दिवसांच्या घडामोडी दिसतात. कुणी कधी क्लोन केलं यासारख्या गिटच्या नोंदी, लॉग एपीआयने ओढणं आणि तो बाहेरच्या साठ्यात सतत पाठवणं, हे सगळं एंटरप्राइजचं. त्यातही गिटच्या नोंदी सातच दिवस राहतात, म्हणून त्या हव्या असतील तर लॉग पहिल्या दिवसापासून बाहेर पाठवा.

आता तो माणूस. एसएसओ चालू आहे, शुक्रवारी संध्याकाळी आयटीवाल्यांनी कंपनीची लॉगिनं सांभाळणाऱ्या ऑक्टामधलं त्याचं खातं बंद केलं आणि सगळे निर्धास्त झाले. ब्राउझरमधलं त्याचं सेशन, ऑक्टाने वेगळी मुदत पाठवली नसेल तर, २४ तासांपर्यंत जिवंत राहतं. ते संपलं की ऑर्गनायझेशनची पानं पुन्हा लॉगिन मागतात आणि त्याला तिथून पुढे जाता येत नाही. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण सहा महिन्यांपूर्वी त्याने पासवर्डऐवजी चालणारं पर्सनल ॲक्सेस टोकन बनवून त्यापुढच्या `Configure SSO` मधून त्याला मंजुरी दिली होती. ती मंजुरी सेशनबरोबर संपत नाही. सोमवारी घरच्या लॅपटॉपवर त्याने `git pull` केलं, तर खाजगी रेपोचा कोड उतरतो. कारण साधं आहे: गिटहबचं खातं त्याचं स्वतःचं आहे, ऑक्टाने फक्त लॉगिनच्या वेळची तपासणी केली, आणि ऑर्गनायझेशनमधलं सदस्यत्व कुणीच काढलेलं नाही. `People` मध्ये त्याचं नाव तसंच आहे, त्याच्या जागेचे २१ डॉलरही चालू आहेत.

हे तुमच्याकडे घडतंय का, ते ओनरच्या टोकनने तपासता येतं:

```
gh api --paginate /orgs/ORG/credential-authorizations
```

यात प्रत्येक मंजूर टोकन आणि एसएसएच की कुणाची आणि शेवटची कधी वापरली ते येतं. नोकरी सोडल्यानंतरची तारीख दिसली, तर प्रवेश उघडा होता. त्या माणसाला `People` मधून काढलं की टोकन या रेपोंपुरतं निरुपयोगी होतं. हेच काम आपोआप करणारी सोय म्हणजे स्किम: ऑक्टामध्ये माणूस काढला की सदस्यत्वही जातं. ती वेगळी चालू करावी लागते.

मी स्वतः पूर्वी "आधी एसएसओ, स्किमचं सावकाश बघू" असा सल्ला द्यायचे. तो चुकीचा होता. स्किमशिवायचा एसएसओ आत यायचं दार राखतो, आधीच आत असलेल्याला बाहेर काढत नाही.

`Require SAML SSO authentication for all members` हा पर्याय टिचकवण्याआधीही थांबा. त्या क्षणापर्यंत ज्यांनी एसएसओने लॉगिन केलेलं नाही, ते सगळे ऑर्गनायझेशनमधून काढले जातात. त्यात बिल्ड चालवणारं बॉटचं खातंही जातं आणि रात्रीचं डिप्लॉयमेंट पडतं. आधी त्या खात्याला ऑक्टामध्ये ओळख द्या, त्याच्या टोकनला मंजुरी द्या, रिकव्हरी कोड उतरवून ठेवा. कोण गेलं ते ऑडिट लॉगमध्ये `action:org.remove_member` शोधून कळतं. तीन महिन्यांच्या आत परत घेतलं तर जुने अधिकार तसेच मिळतात.

मग चाळीस जणांनी काय करावं? वर्षाला दोन-तीन माणसं सोडून जात असतील तर टीमवर राहा, टू-फॅक्टर सक्तीचं करा आणि नोकरी सोडण्याच्या यादीत "`People` मधून काढणे" ही ओळ घाला. "माणूस विसरतो" हा आक्षेप मला मान्य आहे, आणि दर महिन्याला कंत्राटी लोक बदलत असतील तर ६८० डॉलरचा फरक मलाही रास्त वाटतो. फक्त त्या कंत्राटी लोकांना सदस्य न करता आउटसाइड कोलॅबोरेटर म्हणून जोडलं असेल, तर त्यांना एसएसओची अट लागूच होत नाही. त्यांची नावं दोन्ही प्लॅनवर हातानेच काढावी लागतात.